हॉटेलचं लाँड्रीचं बिल थकलंय, सीझन तोंडावर आलाय, काम थांबवावं का?

थिवी_लाँड्री (२० सप्टेंबर)

नमस्कार मंडळी. थिवीला आमची छोटी लाँड्री आहे, मी, नवरा आणि पाच माणसं. कळंगुटच्या बाजूच्या एका २८ खोल्यांच्या हॉटेलच्या चादरी, पिलो कव्हर, टॉवेल आमच्याकडे येतात, दिवसाआड गाडी जाते. महिनाअखेरीला बिल आणि त्यानंतर ३० दिवसांत पैसे असं तोंडी ठरलेलं. मार्चपर्यंत कधी त्रास नव्हता, मे महिन्यात त्यांचा अकाउंटवाला बदलला आणि तेव्हापासून सगळं ढिलं पडलं.

आता जूनचे ४८,४००, जुलैचे ४१,९०० आणि ऑगस्टचे ५२,७०० असे एकूण १,४३,००० येणं आहे, जीएसटी धरून. जीएसटी आम्ही वेळच्या वेळी भरलाय, म्हणजे तो पण आमच्याच खिशातून गेला. सप्टेंबरचं काम चालूच आहे, आजपर्यंत साधारण ३५,००० चं झालं असेल. मॅनेजरला फोन केला की "फाल्यां पळोवया", म्हणजे उद्या बघू, चवथीआधी नक्की देतो म्हणाला होता, चवथ होऊन गेली, गणपती पण गेले, पैसे नाहीत.

माणूस बोलायला चांगला आहे आणि आमचं एक तृतीयांश काम त्यांचंच, त्यामुळे संबंध तोडायचे नाहीत. पण ऑक्टोबरपासून त्यांचं काम दुप्पट होणार आणि डिझेल, केमिकल, पगार यात १०० रुपयांच्या कामामागे ६५ ते ७० आमचे रोख जातात. सभ्य भाषेत पण ठामपणे कसं लिहायचं, आणि काम नेमकं कधी थांबवायचं?

एसी_डिचोली

ताई उद्याच बंद करा. मी हॉटेलांचे एसी बघतो, ही लोकं फोन करणाऱ्याला नाही, थांबणाऱ्याला पैसे देतात. आणि तुमच्या हातात तर माल आहे. आलेल्या चादरी ठेवून घ्या, १,४३,००० टाका आणि घेऊन जा म्हणा. शनिवारी गेस्ट आले आणि बेडवर चादर नसली की दोन तासात पैसे येतात का नाही बघा.

वेर्णा_पॅकिंग

छोट्या धंद्यांचं उद्यम रजिस्ट्रेशन आहे ना? मग टेन्शन घेऊ नका, २०२४ पासून इन्कम टॅक्समध्ये ४३बी(एच) आलंय. छोट्या सप्लायरला ४५ दिवसांत पैसे दिले नाहीत तर तो खर्च त्यांना कायमचा गेला, त्यावर टॅक्स भरावा लागतो. एवढं एका मेलमध्ये लिहा, त्यांचा सीए स्वतः फोन करेल.

सांगे_सुतार

माझं पण असंच झालंय. आसगावला एका व्हिलाचे वॉर्डरोब आणि किचन केलं, मालक दिल्लीला असतो, शेवटचे १० टक्के दीड वर्ष झालं देत नाही, म्हणतो पावसात एक दार फुगलं. मी काम काय थांबवणार, काम तर संपलंच. काय करू?

जुनाजमाखर्च

थिवी ताई, मी हॉटेलांच्या अकाउंटमध्येच आयुष्य काढलं, बिलं अडवायच्या बाजूला पण होतो आणि वसूल करायच्या पण. आता पणजीला लहान धंद्यांचे हिशेब बघतो. घाई करू नका, आधी एक गोष्ट सुधारा.

तुम्ही १,४३,००० थकले म्हणता, ते तसं नाही. ऑगस्टच्या बिलाची मुदत ३० सप्टेंबरला संपते. आज थकलेत ते जून आणि जुलै मिळून ९०,३००. हा फरक फार महत्त्वाचा, कारण मेलमध्ये १,४३,००० लिहिलंत की अकाउंटवाला पहिलं उत्तर देणार की ऑगस्ट तर अजून ड्यू नाही, तुमचा हिशेब चुकलाय, स्टेटमेंट परत पाठवा. त्यात आणखी दहा दिवस जातात. मी स्वतः असं उत्तर देणारे लोक बघितलेत, ते खोटं बोलत नसतात, फक्त तुम्ही त्यांना पळवाट दिलेली असते.

दुसरं, आतापर्यंत तुम्ही फक्त "कधी देणार" विचारलंय. त्याला "उद्या" हे उत्तर फुकटात देता येतं. त्याऐवजी बिल आत्ता कुठल्या टेबलावर आहे ते विचारा. हाउसकीपिंगने सही केली का, अकाउंटमध्ये एंट्री पडली का, पेमेंटच्या यादीत लागलं का. यात "उद्या" म्हणता येत नाही, काहीतरी खरं सांगावंच लागतं. फोन न करता मेल टाका आणि त्याचीच कॉपी मॅनेजरला व्हॉट्सॅपवर. असं काहीतरी:

"नमस्कार सर, जूनचं बिल ४८,४०० (मुदत ३० जुलै) आणि जुलैचं बिल ४१,९०० (मुदत ३० ऑगस्ट) अजून जमा झालेलं नाही. दोन्ही बिलं आणि हाउसकीपिंगच्या सह्या असलेल्या स्लिपा सोबत जोडल्या आहेत. ही बिलं सध्या कोणाकडे आहेत आणि त्यात काही त्रुटी आहे का, एवढं उद्या संध्याकाळपर्यंत कळवाल का?"

यात घरच्या अडचणी, पगार द्यायचेत वगैरे काही लिहू नका. ते वाचून वाईट वाटतं पण बिल पुढे सरकत नाही.

हॉटेल_परचेस

मी दुसऱ्या बाजूला बसतो, बागाला एका प्रॉपर्टीत परचेस बघतो, म्हणून सांगतो. काकांचं बरोबर आहे. आमच्याकडे गुरुवारी पेमेंट होतं, बुधवारी दुपारी यादी मालकाकडे जाते. ज्या बिलामागे सह्यांच्या स्लिपा नाहीत ते बिल यादीत चढतच नाही, जीएमने कितीही शब्द दिला तरी. पावसाळ्यात पैसे खरंच कमी असतात, तेव्हा यादीतून कोणाला काढायचं तर जो विचारत नाही त्याला, आणि ज्याच्या बिलात काहीतरी खोट आहे त्याला. मॅनेजरशी गोड बोलून काही होत नाही, त्याच्या हातात सही पण नसते कधीकधी. तुमच्या हॉटेलचा पेमेंटचा वार कुठला ते आधी काढा.

थिवी_लाँड्री (२३ सप्टेंबर)

काका, मेल टाकला आणि आश्चर्य म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळीच उत्तर आलं. जूनचं बिल हाउसकीपिंगने अडवलंय, २२ बाथ टॉवेल कमी आले म्हणतात, ३०० च्या हिशेबाने ६,६००. आम्हाला हे आज पहिल्यांदा कळतंय! जुलैचं पास झालंय पण "फंड आल्यावर". आणि ऑगस्टचं मी जुन्या अकाउंटवाल्याच्या मेलवर पाठवलेलं, ते त्यांना मिळालंच नव्हतं, परत पाठवलं. पेमेंट गुरुवारीच करतात.

जुनाजमाखर्च

बघा, एका थकबाकीची तीन वेगळी दुखणी निघाली. तिन्हीला एकच औषध चालणार नाही.

जूनचं आधी. ६,६०० च्या वादासाठी ४८,४०० अडवणं चालत नाही, आणि तुम्हीही तो वाद मिटेपर्यंत थांबू नका. लिहा की टॉवेलचा हिशेब आम्ही आमच्या आणि तुमच्या स्लिपा समोरासमोर ठेवून बघू, तोवर वाद नसलेले ४१,८०० या गुरुवारी सोडा. बिल फाडून कमी रकमेचं नवीन करू नका, ते केलंत की मुदत पण नवीन धरतात आणि टॉवेल तुम्हीच हरवलेत हे मान्य केल्यासारखं होतं. कायद्याने माल किंवा काम पोचल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत घ्यायची असते, ती त्यांनी घेतलेली नाही. हे मनात ठेवा, पहिल्याच पत्रात तोंडावर मारू नका.

जुलैचं बिल पास आहे, म्हणजे तिथे फक्त पैशाचा प्रश्न आहे. काम थांबवायचं की नाही हे या बिलावर ठरणार.

आता तो हिशेब. महिन्याने बिल आणि वर ३० दिवस मुदत म्हणजे कोणी एक दिवसही उशीर केला नाही तरी तुमचं ६० दिवसांचं काम कायम बाहेर अडकलेलं. पावसाळ्यात ते दिसत नाही कारण रकमा लहान. ऑक्टोबर ९०,००० आणि नोव्हेंबर १,१०,००० धरा, सप्टेंबरचे ५२,०००, आणि आत्ताचे १,४३,०००. काहीच आलं नाही तर नोव्हेंबरअखेर तुमचे ३,९५,००० त्यांच्याकडे असतील. तुम्हीच म्हणता त्यातले ६५-७० टक्के रोख खर्च, म्हणजे पावणेतीन लाखांच्या आसपास खिशातून गेलेले. तेवढे बुडाले तर मशीन चालू राहील का? नाही ना. मग थांबायची जागा तिथे नाही, आत्ता आहे, रक्कम लहान आहे तोवर. "अजून थोडं बघू" असं सीझनमध्ये प्रत्येक आठवड्याला वाटत राहतं आणि प्रत्येक आठवड्याला आकडा वाढतो.

एसी_डिचोली

मग मी तेच म्हणत होतो. चादरी धरून ठेवा.

जुनाजमाखर्च

डिचोली बाब, थांबवण्याबद्दल तुमचं बरोबर, चादरींबद्दल अर्धंच बरोबर. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १७० आहे, ज्या वस्तूवर तुम्ही मेहनत केली तिची मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू ठेवून घेता येते. पण फक्त त्याच वस्तूवरच्या त्याच कामाची मजुरी. आज आलेला गठ्ठा धुतला, त्याचे ३,००० झाले, तर ३,००० साठी ठेवता येईल, आणि तेही काम उधारीवर ठरलेलं नसेल तर. जूनच्या थकबाकीसाठी सप्टेंबरच्या चादरी धरता येत नाहीत. मागच्या सगळ्या हिशेबासाठी माल धरायचा हक्क बँका वगैरे मोजक्या लोकांनाच, कलम १७१. तुमच्या-आमच्या धंद्याला तो वेगळा करार केला असेल तरच मिळतो. चादरी धरल्या की दुसऱ्या दिवशी ते पोलिसात जातील, आणि पैसे न देणारे ते असताना चौकीत उत्तरं तुम्ही देत बसाल.

वेर्णा दादा, ४३बी(एच) चं पण थोडं दुरुस्त करतो. खर्च कायमचा जात नाही, ज्या वर्षी पैसे देतील त्या वर्षी मिळतो. म्हणून त्याचा धाक मार्चमध्ये बसतो, सप्टेंबरमध्ये कोणी हलत नाही. दुसरी गोष्ट, ४५ दिवस हे लेखी मुदत ठरली असेल तर जास्तीत जास्त. लेखी काहीच नसेल तर १५ दिवस. ताईंचं तोंडीच आहे.

वेर्णा_पॅकिंग

बरं, हे मला माहीत नव्हतं, आमचा सीए कायमचा गेला असंच म्हणाला होता. पण व्याजाचं तर खरं ना, बँक रेटच्या तिप्पट, दर महिन्याला चक्रवाढ?

जुनाजमाखर्च

ते खरं. २००६ च्या एमएसएमई कायद्यात आहे, आणि सरकारच्या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज केला की तो राज्याच्या कौन्सिलकडे जातो. पण उद्यम काम सुरू व्हायच्या आधीचं हवं. नंतर काढलेल्याचा मागच्या कामाला उपयोग नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये म्हटलं, पुढे त्यावर परत प्रश्न उठलेत, त्यामुळे त्या भरवशावर राहू नका.

थिवी_लाँड्री

उद्यम २०२२ चं आहे, हॉटेलचं काम त्यानंतरचं. पण मला कौन्सिलपर्यंत जायचंच नाही हो काका. थांबवायचं पत्र कसं लिहू, ज्यात धमकी वाटणार नाही?

जुनाजमाखर्च

धमकी कधी वाटते, तर तारीख नसते आणि परत सुरू कधी होणार हे लिहिलेलं नसतं तेव्हा. तीन तारखा द्या, कुठल्या दिवसापर्यंत पैसे, कुठल्या दिवसापासून गाडी येणार नाही, आणि त्यांचा सगळा कपडा कधी परत मिळणार. मधे एक तरी गुरुवार येईल असं बघा, नाहीतर त्यांना द्यायचे असले तरी देता येणार नाहीत. आणि हॉटेलकडे साधारण तीन सेट असतात, एक बेडवर, एक कपाटात, एक तुमच्याकडे. तुम्ही अचानक थांबलात तर दोन दिवसांत त्यांचं अडतं, म्हणून दुसरी सोय करायला आठवडाभर तरी द्या.

"सर, जूनपैकी वाद नसलेले ४१,८०० आणि जुलैचे ४१,९०० असे ८३,७०० येणं बाकी आहे. ही रक्कम २९ सप्टेंबरपर्यंत जमा झाली नाही तर १ ऑक्टोबरपासून आम्ही नवीन कपडे उचलू शकणार नाही. आमच्याकडे असलेले सर्व कपडे ३० सप्टेंबरला धुऊन, मोजून, सही घेऊन परत पोचवू. पैसे जमा झाले की दुसऱ्या दिवसापासून गाडी नेहमीप्रमाणे येईल. टॉवेलच्या हिशेबासाठी तुम्ही सांगाल त्या दिवशी आम्ही स्लिपा घेऊन येतो."

हे मॅनेजर, अकाउंट आणि मालक तिघांना एकाच मेलवर. आणि मॅनेजरला पाठवायच्या आधी एक फोन करा, की असं पत्र येतंय, तुम्हाला वरती दाखवायला उपयोगी पडेल. बऱ्याचदा मॅनेजरला असं पत्र हवंच असतं, मालकापुढे ठेवायला.

ज्यांचा लेखी करार आहे त्यांनी मात्र आधी करार वाचा, पैसे थकले तर काम थांबवता येईल असं त्यात आहे का आणि किती दिवसांची नोटीस लागते ते. न बघता थांबलात तर करार तुम्ही मोडला असं होतं.

एसी_डिचोली

आणि नोटीस दिल्यावर आठवडाभरात त्यांनी दुसरी लाँड्री बघितली आणि जुने पैसे पण दिले नाहीत तर? माझ्याबरोबर झालंय हे. म्हणून मी सांगून थांबत नाही.

जुनाजमाखर्च

होऊ शकतं, नाही म्हणत नाही. पण जो तुमच्या नोटिशीवर पैसे न देता दुसरीकडे जातो तो डिसेंबरमध्येही तेच करणार होता, तेव्हा रक्कम चार लाखांची असती.

हॉटेल_परचेस

मला यात डिचोलीचं थोडं पटतं. जुन्या पैशावरची पकड काम चालू असेपर्यंतच असते, थांबलं की व्हेंडर यादीत सगळ्यात खाली जातो. आमच्याकडे एका लाँड्रीने वेगळं केलं होतं, नवीन कपडे त्या दिवशीच्या रोख पैशावर आणि जुनं बिल दर गुरुवारी थोडं थोडं. गाडी थांबली नाही आणि उधारी पण वाढली नाही. पूर्ण बंदच्या आधी हे विचारून बघा.

आणि एक, तिथे पाव देणारा पोदेर, भाजीवाला, दूधवाला यांना सहज विचारा की तुम्हाला कसं चाललंय. त्यांना पण रोख द्यायला लागलेत म्हणजे मार्केटमध्ये उधारी बंद झाली, मग फक्त सुस्ती नाही, पैसाच नाही.

सांगे_सुतार

माझ्या प्रश्नाचं कोणी काही बोललं नाही.

जुनाजमाखर्च

सुतारभाऊ, तुमचं वेगळं आहे. काम संपल्यावर थांबवायला काही उरत नाही. त्याला त्या एका दाराबद्दल लेखी विचारा, दुरुस्त करून देतो, तारीख द्या म्हणून. दार नीट केलं आणि व्हॉट्सॅपवर त्याने "ठीक आहे" लिहिलं की त्याचं कारण संपलं. दाव्याला पैसे द्यायच्या तारखेपासून तीन वर्षं असतात, त्यातलं दीड गेलंय, अजून वेळ घालवू नका. पुढच्या कामाला शेवटचं कपाट बसवायच्या आधी ९० टक्के हातात घ्या.

थिवी_लाँड्री (२९ सप्टेंबर)

अपडेट देते. पत्र गेलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मॅनेजरचा फोन, आवाज थोडा दुखावलेला पण भांडण नाही. गुरुवारी जूनचे ४१,८०० आले. आज जुलैमधले २०,००० आले, बाकी २१,९०० ला १० ऑक्टोबरपर्यंत वेळ द्या म्हणतात. स्लिपा घेऊन बसलो तर २२ पैकी १३ टॉवेलवर त्यांच्याच माणसाची परत मिळाल्याची सही निघाली, ९ चा पत्ता अजून नाही.

भाजीवाल्याला विचारलं, तो म्हणतो त्याला गेल्या महिन्यापासून रोखच देतात, त्यानेच तसं मागितलं. आता नवरा म्हणतो १ तारखेपासून ठरल्याप्रमाणे थांबू, पत्रात लिहिलंय ते पाळलं नाही तर पुढच्या पत्राला कोण विचारेल. मला वाटतं ८३,७०० पैकी ६१,८०० आले, माणूस प्रयत्न करतोय.

जुनाजमाखर्च

दोघांचं बरोबर आहे. पत्रातली तारीख पाळायची पण मार्ग परचेसवाल्यांनी सांगितलेला घ्या. १ तारखेपासून उधारीवर गाडी नाही. प्रत्येक फेरीचे पैसे गाडीतून कपडे उतरायच्या आधी यूपीआयने. २१,९०० ला १० तारीख मान्य करा, पण त्यांच्याकडून मेलवर लिहून घ्या. जुनं सगळं फिटलं की पंधरा दिवसांचं बिल आणि सात दिवस मुदत, म्हणजे साठच्या जागी साधारण बावीस दिवसांचंच काम बाहेर राहील. आणि तुमच्या टॅक्सच्या २६एएस स्टेटमेंटमध्ये बघा त्यांनी टीडीएस दाखवलाय का, दाखवला असेल तर बिल त्यांच्या पुस्तकात चढलंय हे नक्की.

थिवी_लाँड्री (३ ऑक्टोबर)

फेरीचे पैसे प्रत्येक वेळी येतायत, ते मान्य केलं. पण काल नवीन मेल आला, की १ ऑक्टोबरपासूनची बिलं दुसऱ्या कंपनीच्या नावाने करा, जीएसटी नंबर पण वेगळा दिलाय. हॉटेल तेच, मॅनेजर तोच.

हॉटेल_परचेस

लीज बदललेलं दिसतं. सीझनच्या तोंडावर चालवणारी पार्टी बदलते आपल्याकडे. जपून.

जुनाजमाखर्च

नवीन नावाने एकही बिल करायच्या आधी जुन्या कंपनीकडून लेजर कन्फर्मेशन घ्या, म्हणजे एवढं देणं बाकी आहे असं लिहून, शिक्का आणि सहीसकट. जुलैचे २१,९००, ऑगस्टचे ५२,७००, सप्टेंबरचं बिल, आणि टॉवेलपायी अडवलेले ६,६०० वेगळे दाखवून. नंतर नवीन कंपनी म्हणेल जुनं आमचं नाही, आणि कायद्याने ते बरोबरही असेल. सही मिळाली तर तीन वर्षांची मुदतही त्या तारखेपासून नव्याने सुरू होते. जुना जीएसटी नंबर पोर्टलवर टाकून चालू आहे का तेही आजच बघा, आणि नवीन पार्टी जुनं देणं घेणार असेल तर तेही लेखी.

थिवी_लाँड्री

नंबर बघितला, चालू दाखवतोय. कन्फर्मेशनचा मेल आत्ताच पाठवला, तिघांना. मॅनेजर म्हणतो जुने मालक म्हापशाला बसतात, सही तिथे जाऊन घ्यावी लागेल. सोमवारी नवरा जाऊन येईल, सप्टेंबरचं बिल जुन्याच नावाने केलंय ते पण सोबत देतोय. त्यांनी सही नाही दिली तर फेऱ्या रोखीवर चालू ठेवायच्या का तेही बंद करायचं, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही.